प्रोफाइल फोटोंचा क्रम कसा लावायचा: आधी प्रकाश, मग पार्श्वभूमी, शेवटी आपलेपणा

लिंक्डइनसारख्या व्यावसायिक ओळखीच्या पानासाठी फोटो निवडताना बहुतेक जण गॅलरी उघडतात, सातआठ फोटो भराभर मागेपुढे सरकवतात आणि ज्यात आपण बरे दिसतो तो चढवून मोकळे होतात. चूक इथेच होते. त्या एका नजरेत तीन वेगळे निर्णय एकमेकांत मिसळलेले असतात: प्रकाश चेहऱ्यावर नीट पडला आहे का, मागची बाजू कामाच्या पानाला शोभते का, आणि हा चेहरा पाहून अनोळखी माणसाला आपल्याशी बोलावंसं वाटेल का. पहिले दोन निर्णय तुम्ही स्वतः, नियमांवर बोट ठेवून घेऊ शकता. तिसरा तुमच्या हातात नाही, आणि नेमका तोच लोक स्वतः घेतात.

खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा आहे. प्रकाश आणि पार्श्वभूमी या चाळण्या आहेत, त्यांतून गाळ बाजूला पडतो. जे फोटो उरतात त्यांत पहिला कोण, हे आपलेपणावर ठरतं. हा क्रम उलटा केला की खराब प्रकाशातला हसरा फोटो मनात बसतो आणि मग त्याच्या डोळ्यांखालची काळी सावली आपल्याला दिसेनाशी होते.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. एक लेखापाल आहे. नोकरी सोडून ती छोट्या उद्योगांना स्वतंत्रपणे हिशेबाचा सल्ला देणार आहे. तिच्याकडे सात फोटो आहेत, त्यांना क, ख, ग, घ, च, छ आणि ज म्हणू.

## टप्पा 1: फोटो गोळा करा आणि अपात्र फोटो आधीच बाजूला काढा

मूळ फाइल शोधा. संदेशांच्या अ‍ॅपमधून आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो. कापून मोठा केला की त्यात कातडीचा पोत जातो आणि चेहरा मेणासारखा दिसतो. ज्या फोनने किंवा कॅमेऱ्याने फोटो काढला, त्यातलीच फाइल घ्या.

आता प्रत्येक फोटोला तीन प्रश्न विचारा. पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर नकारार्थी आलं, तर तो फोटो स्पर्धेतून बाद.

पहिला प्रश्न: उद्या व्हिडिओ कॉलवर भेटलेला माणूस या फोटोवरून मला लगेच ओळखेल का? किती वर्षं झाली हे इथे फारसं महत्त्वाचं नाही. चष्मा, दाढी, केसांची लांबी आणि वजन बदललं आहे का, हे पाहायचं.

दुसरा: चेहऱ्याभोवती चौकोन कापल्यावर त्याची बाजू किमान 400 पिक्सेल भरते का? समूहातल्या फोटोतून स्वतःला कापून काढणाऱ्यांचे फोटो इथेच गळतात. मूळ फोटो कितीही मोठा असो, त्यात तुमच्या वाट्याला किती पिक्सेल आलेत तेवढंच मोजायचं.

तिसरा: हा फोटो हात लांब करून काढलेला सेल्फी आहे का? कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की जवळचं नाक मोठं आणि दूरचे कान लहान दिसतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीनुसार 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे, म्हणून महागडा फोन घेऊनही तो जात नाही. सेल्फी सरसकट बाद करा असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर खूण करून ठेवा. तुल्यबळ दुसरा फोटो असेल तर सेल्फी मागे पडायला हवा.

आपल्या लेखापालाचा फोटो क स्टुडिओतला, राखाडी पडद्यासमोरचा आहे. तिला तो फार आवडतो. पण त्यात चष्मा नाही आणि आता ती दिवसभर चष्मा लावते. बाद. ख हा लग्नातला समूहफोटो. कापल्यावर चौकोनाची बाजू 260 पिक्सेल उरते. बाद. उरले पाच.

इशारा: बाद केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. तिथेच ठेवले तर आवडता फोटो मागच्या दाराने परत येतो.

## टप्पा 2: सगळे फोटो एकाच मापात कापा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि पुढची सगळी तुलना त्यामुळे फसते. एका फोटोत तुम्ही कमरेपर्यंत दिसता, दुसऱ्यात फक्त चेहरा. अशा दोन फोटोंची तुलना केली की मोठा दिसणारा चेहरा जवळचा वाटतो. त्यात हावभावाचा काही संबंध नसतो, ती फक्त कापण्याची करामत असते.

म्हणून प्रत्येक फोटोची एक प्रत करा आणि ती चौकोनी कापा. डोक्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर चौकोनाच्या उंचीच्या साधारण 60 टक्के ठेवा. डोळे मधल्या रेषेच्या थोडे वर असू द्या. केसांच्या वर थोडी मोकळी जागा राहील आणि खाली खांद्यांची सुरुवात दिसेल इतपत. या पानांवर चौकोनाचं वर्तुळ होतं आणि चार कोपऱ्यांमध्ये मिळून सुमारे एक पंचमांश चित्र कापलं जातं. तेव्हा कापतानाच वर्तुळाचा साचा वर ठेवून पाहा. ज्यांचे केस उंच किंवा पसरलेले आहेत, जे फेटा किंवा मोठा दुपट्टा घेतात, त्यांनी चेहरा 60 ऐवजी 50 टक्क्यांवर ठेवला तरी चालेल. मात्र सगळ्या फोटोंत तेच प्रमाण ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे डावं-उजवं. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोन आरशासारखा उलटा साठवतात. आपण स्वतःला रोज आरशात पाहतो, म्हणून उलटा फोटो आपल्याला बरोबर वाटतो आणि सुलटा खटकतो. 1977 सालच्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं: स्वतःच्या फोटोंपैकी लोकांनी आरशातला चेहरा पसंत केला, त्यांच्या जवळच्या माणसांनी मात्र सुलटा. केसांचा भांग, तीळ किंवा शर्टाच्या बटणांची बाजू पाहून कोणते फोटो उलटे आहेत ते ओळखा आणि सगळे सुलटे करा.

प्रतींना आता अक्षरांची नावं द्या. 'ऑफिस', 'बाग', 'परिषद' अशी नावं नकोत, कारण नाव वाचताच त्या दिवसाची आठवण जागी होते आणि आपण फोटोऐवजी त्या दिवसाला गुण देऊ लागतो.

तपासणी: सगळ्या प्रती एका ओळीत लावून डोळे किलकिले करा. चेहऱ्यांचे गोळे साधारण सारख्या आकाराचे दिसायला हवेत. एखादा लहान किंवा मोठा दिसला तर पुन्हा कापा.

## टप्पा 3: प्रकाशाचे गुण द्या

पडद्याचा उजेड मध्यम ठेवा. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळ्यांचे रंग एकसारखे उबदार दिसतील. मग एका बैठकीत सगळ्या फोटोंचा फक्त प्रकाश पाहा. चेहऱ्यावर हसू आहे का, मागे काय आहे, हे आत्ता बघायचं नाही.

गुण तीनच: 3 म्हणजे चांगला, 2 म्हणजे चालेल, 1 म्हणजे बाद. दहापैकी गुण देण्याचा मोह टाळा. सहा आणि सात यांतला फरक तुम्ही उद्या पुन्हा तसाच सांगू शकणार नाही.

सगळ्यात आधी डोळे पाहा. फोटो मोठा करून बुबुळात प्रकाशाचा ठिपका दिसतो का, ते तपासा. खिडकी, आकाश किंवा दिवा यांचं ते प्रतिबिंब असतं. ठिपका वरच्या भागात आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर प्रकाश समोरून, थोड्या उंचीवरून आला आहे, आणि चेहऱ्याला तोच मानवतो. ठिपका नसेल तर भुवयांच्या सावलीत डोळे बुडालेले असतात. माणूस कितीही हसला तरी असे डोळे थकलेले किंवा रागीट वाटतात. दुपारच्या उन्हात आणि थेट डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली हेच होतं. नाकाची सावली ओठांपर्यंत उतरली असेल तर ती त्याचीच दुसरी खूण.

मग चेहऱ्याचा सर्वांत उजळ भाग पाहा: कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड. तिथे कातडीचा पोत दिसतो का, की नुसता पांढरा डाग? डाग असेल तर त्या जागेची माहिती फोटोत नोंदलेलीच नाही, आणि नंतर उजेड कमी केला तर तिथे फक्त राखाडी ठिगळ दिसेल. अंधारलेला फोटो थोडाफार उजळता येतो, जळालेला परत आणता येत नाही. म्हणून दोन्हींमध्ये निवड करायची वेळ आली तर थोडा अंधारलेला घ्या.

तिसरं, दोन गालांचा रंग. एका बाजूने खिडकीचा दिवसाचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा असेल तर एक गाल निळसर आणि एक केशरी होतो. अख्ख्या फोटोचा रंग बदलून हे दुरुस्त होत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

शेवटी फोटोची एक प्रत कृष्णधवल करा. रंग गेले की उजेड-अंधाराचा हिशेब स्पष्ट दिसतो. चेहरा आणि मागची बाजू एकाच करड्या छटेत मिसळत असतील, तर लहान वर्तुळात चेहरा उठून दिसणार नाही. गडद रंगाच्या चेहऱ्यांसाठी ही चाचणी आणखी महत्त्वाची आहे. मागे उजळ भिंत किंवा खिडकी असली की फोनचा स्वयंचलित उजेड त्या भिंतीप्रमाणे बेतला जातो आणि चेहरा गरजेपेक्षा काळोखा येतो. दोष चेहऱ्याचा नसतो, मोजणीचा असतो. अशा फोटोला 1 द्या आणि पुढच्या वेळी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड ठरवून फोटो काढा.

लेखापालाच्या पाच फोटोंचं काय झालं? ग खिडकीशेजारचा, दोन्ही डोळ्यांत ठिपके, सावली मऊ: 3. घ गच्चीवरचा भर दुपारचा सेल्फी, डोळ्यांच्या जागी दोन खळगे: 1, बाद. च एका परिषदेतला, व्यासपीठावरचा, एका बाजूने तीव्र प्रकाश पण दोन्ही डोळे दिसतात: 2. छ ऑफिसच्या टेबलाशी, डोक्यावर ट्यूबलाइट. हा 1 मध्ये जायचा, पण समोर पसरलेल्या पांढऱ्या कागदांवरून उजेड परतून हनुवटी आणि डोळ्यांखाली पोहोचला आहे, त्यामुळे सावल्या भरल्या आहेत: 2. ज झाडाच्या सावलीत, समोर मोकळं आकाश: 3.

छ वरून एक ध्यानात घ्या. "ट्यूबलाइट आहे म्हणजे वाईट" असा निर्णय जागेवरून करू नका. चेहऱ्यावर प्रत्यक्ष काय उतरलं आहे तेच पाहा.

## टप्पा 4: पार्श्वभूमीचे गुण द्या

फोटो वर्तुळात ठेवा आणि अंगठ्याने चेहरा झाका. जे उरलं आहे, ते बघणाऱ्याला काही सांगतं का? काहीच सांगत नसेल तर उत्तम. कामाबद्दल काही सांगत असेल तर तेही चांगलं. भलतंच काही सांगत असेल तर गुण कापा.

साधी भिंत हीच सर्वांत सुरक्षित, असं सगळीकडे सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते खरं आहे, पण माझ्या मते कामाची जागा अस्पष्ट दिसत असेल तर ती भिंतीच्या बरोबरीची धरायला हरकत नाही. पाहायचं ते एवढंच, की त्या जागेत चेहऱ्याशी भांडणारी वस्तू नसावी. भांडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: चेहऱ्यापेक्षा उजळ ठिपका, वाचता येतील अशी अक्षरं, डोक्यातून उगवल्यासारखा वाटणारा खांब किंवा कपाटाची कड, आणि दुसऱ्या कुणाचा खांदा. अक्षरं सगळ्यात वाईट, कारण डोळा आपोआप वाचायला धावतो आणि वर्तुळात ती अर्धवट कापली गेली तर आणखी खटकतात.

मागची बाजू कृत्रिमरीत्या धूसर केली असेल तर केसांची किनार, चष्म्याच्या काड्या आणि कानांची कड मोठी करून पाहा. काडी मध्येच विरघळली किंवा केसांभोवती मागच्या बाजूचं धूसर न झालेलं एखादं बेट उरलं, की फोटो बनावट वाटू लागतो. असा फोटो 3 गुणांचा असूच शकत नाही.

इशारा: या टप्प्यावर पुन्हा कापून गुण वाढवता येतात का, ते पाहा. कडेचा खांदा किंवा उजळ ठिपका वर्तुळाबाहेर जात असेल तर आधी कापा आणि मग गुण द्या. पण एकाला जास्त कापून त्याचा चेहरा इतरांपेक्षा मोठा होऊ देऊ नका, नाहीतर टप्पा 2 वाया गेला.

ग साध्या भिंतीसमोर: 3. च मध्ये मागे गडद पडदा आहे, पण ध्वनिवर्धक हनुवटीसमोर येतो: 2. छ च्या मागे फायलींचं कपाट, नावं वाचता येत नाहीत, पण त्याची एक उभी कड कानाजवळून वर जाते: 2. ज च्या मागे धूसर पानं, कानाशेजारी पानांतून आलेला उजेडाचा एक ठिपका: 2. या टप्प्यावर कुणी बाद झालं नाही. चार फोटो उरले.

## टप्पा 5: आपलेपणाचा क्रम दुसऱ्यांकडून लावून घ्या

आता तुम्ही बाजूला व्हा. 2017 साली व्हाइट, सदरलँड आणि बर्टन या संशोधकांनी लोकांना स्वतःच्या फोटोंतून प्रोफाइलसाठी फोटो निवडायला सांगितले, आणि तीच निवड अनोळखी लोकांकडूनही करून घेतली. अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंनी पाहणाऱ्यांवर अधिक चांगली छाप पाडली. स्वतःचा चेहरा आपल्याला इतका परिचित असतो की तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला कसा वाटेल, ते आपल्याला दिसत नाही.

कोणाला विचारायचं. पाच ते सात जण पुरेत. घरचे आणि मित्र नकोत. त्यांना फोटोत तुम्ही दिसता, तो भाव दिसत नाही. मित्राला सांगा की त्याच्या ओळखीच्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांना दाखव. ज्या प्रकारच्या माणसांनी तुम्हाला संपर्क करावा असं वाटतं, तशी माणसं त्यांत निम्मी तरी हवीत. लेखापालाच्या बाबतीत म्हणजे छोटा उद्योग चालवणारी माणसं.

काय दाखवायचं. इथे आणखी घट्ट कापलेली वेगळी प्रत लागते, केसांच्या सुरुवातीपासून हनुवटीच्या जरा खालपर्यंत. मागची बाजू जवळजवळ दिसू नये. तिचे गुण तुम्ही आधीच दिले आहेत, ती इथेही दिसली तर तिचा हिशेब दोनदा होतो. हिरव्यागार पानांसमोरचा चेहरा पानांमुळेही प्रसन्न वाटतो, आणि बघणाऱ्याला ते कळत नाही.

काय विचारायचं. "कोणता छान आहे?" हा प्रश्न नको. त्याचं उत्तर सुंदर दिसण्याबद्दल येतं. कामाशी जोडलेला प्रश्न विचारा: "यांना तुम्ही ओळखत नाही. हिशेबातली एक साधी शंका विचारायची आहे. कोणत्या फोटोतल्या व्यक्तीला निरोप पाठवताना सर्वांत कमी संकोच वाटेल? मग कोणत्या?" प्रत्येकाकडून पहिला ते शेवटचा असा क्रम घ्या, गुण घेऊ नका. गुण देताना कुणी सढळ असतो, कुणी कंजूष, आणि त्यांची बेरीज करता येत नाही. क्रम मात्र प्रत्येकाकडून सारख्याच मापाने येतो.

प्रत्येकाला फोटो वेगळ्या क्रमाने दाखवा, कारण पहिला आणि शेवटचा जास्त लक्षात राहतात. फार वेळ देऊ नका. प्रोफाइल पाहणारा माणूसही फोटोसमोर थबकून विचार करत नाही. आणि सगळ्यांना एकाच गटात टाकून विचारू नका. पहिलं उत्तर वाचलं की बाकीचे त्याच्या बाजूने झुकतात.

इशारा: "मला ज आवडतो, तुला काय वाटतं?" असं विचारलंत तर ते मत मोजू नका. तुमची पसंती कळल्यावर मिळालेलं मत म्हणजे फक्त सौजन्य.

लेखापालाने सहा जणांना विचारलं. 1 म्हणजे सर्वांत कमी संकोच.

| फोटो | पहिला | दुसरा | तिसरा | चौथा | पाचवा | सहावा | बेरीज |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ग | 2 | 1 | 2 | 3 | 3 | 2 | 13 |
| च | 4 | 4 | 4 | 4 | 4 | 4 | 24 |
| छ | 1 | 3 | 1 | 1 | 1 | 1 | 8 |
| ज | 3 | 2 | 3 | 2 | 2 | 3 | 15 |

तपासणी: प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज सारखी यायला हवी. चार फोटो असतील तर 10, पाच असतील तर 15. नाही आली तर कुणीतरी एकच क्रमांक दोनदा दिला आहे. त्याला पुन्हा विचारा.

च सगळ्यांनी शेवटी टाकला. कारण फोटो मोठा करून पाहिलं की कळतं: ती बोलत असताना टिपलेला क्षण आहे, तोंड अर्धवट उघडं, नजर श्रोत्यांकडे. व्यासपीठावरचा फोटो अधिकार दाखवतो म्हणून लोक तो हौसेने लावतात, पण पाहणाऱ्याकडे न बघणारा चेहरा त्याला दूरच ठेवतो. छ मध्ये ती कुणाच्या तरी बोलण्यावर हसते आहे, खालच्या पापण्या किंचित वर आल्या आहेत, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या आहेत आणि नजर थेट लेन्समध्ये आहे. ग मध्ये ओठ हसतात, डोळे मात्र फोटो निघण्याची वाट पाहतात. स्वतःच्या फोटोंत हा फरक शोधायचा असेल तर तोंडावर बोट ठेवा आणि फक्त डोळे पाहा. हसू अजून दिसतं का? कॅमेऱ्याची उंचीही बघा. तो डोळ्यांच्या खाली असला की हनुवटी उंच होते आणि माणूस वरून पाहतो आहे असं वाटतं.

## टप्पा 6: तिन्ही निकष एकत्र आणा, पण बेरीज करू नका

इथे लोक तिन्ही निकषांचे गुण एकत्र करून बसतात. आपलेपणातला मोठा फरक मग पार्श्वभूमीच्या एका गुणाने झाकला जातो. प्रकाश आणि पार्श्वभूमीची चाळणी झालेली आहे, त्यामुळे आता नियम साधा: आपलेपणाच्या क्रमाने फोटो लावा, आणि जिथे तो क्रम ठाम नाही तिथेच बाकीचे दोन निकष वापरा.

ठाम कधी म्हणायचं? बेरजेवर थांबू नका, दोन-दोन फोटो समोरासमोर ठेवा. सहापैकी पाच जणांनी एकाला दुसऱ्याच्या वर ठेवलं असेल तर ठाम. चार-दोन किंवा तीन-तीन आलं तर बरोबरी समजा. सहा माणसांचं मत म्हणजे सिद्धता नव्हे, हा केवळ कामापुरता ठोकताळा आहे, पण एकट्याच्या मतापेक्षा त्यावर भरवसा ठेवता येतो.

छ आणि ग: पाच जणांनी छ वर ठेवला. ठाम. ग आणि ज: चौघांनी ग, दोघांनी ज. बरोबरी. मग प्रकाश पाहा: दोन्हींना 3, पुन्हा बरोबरी. मग पार्श्वभूमी: ग ला 3, ज ला 2. ग वर. च सगळ्यांत खाली. म्हणून अंतिम क्रम छ, ग, ज, च.

बरोबरी मोडताना प्रकाश आधी आणि पार्श्वभूमी नंतर, यालाही कारण आहे. पार्श्वभूमीचा दोष नंतर कापून किंवा थोडा गडद करून झाकता येतो. चेहऱ्यावर चुकीच्या दिशेने पडलेली सावली तशी हलवता येत नाही.

आणि सगळे फोटो प्रकाशातच बाद झाले तर? त्यातल्या त्यात बरा निवडू नका. खिडकीकडे तोंड करून, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात डोळ्यांच्या उंचीवर आणि 5 फुटांवर देऊन नवे फोटो काढा, आणि पहिल्या टप्प्यापासून सुरू करा.

## टप्पा 7: पहिल्या क्रमांकाच्या फोटोची अखेरची तपासणी

छ पहिला आला, पण तो दोन्ही चाळण्यांतून 2 गुणांवर पार झाला आहे. त्यामुळे थोडी डागडुजी हवी. लेखापालाने मूळ फाइल घेऊन चौकोन किंचित सरकवला, कपाटाची उभी कड कानापासून वर्तुळाच्या काठाकडे गेली. सावलीचा भाग थोडा उजळला, आणि ट्यूबलाइटचा हिरवट रंग घालवण्यासाठी संपूर्ण फोटोचा रंग जरासा उबदार केला. कातडी गुळगुळीत करणारं, डोळे मोठे करणारं काहीही लावलं नाही. लावलं असतं तर ज्या सुरकुत्यांमुळे हा फोटो पहिला आला, त्याच नाहीशा झाल्या असत्या.

मग फोटो नखाएवढा लहान करून फोनवर पाहा, एकदा उजळ पानावर आणि एकदा काळ्या. शोधाच्या यादीत आणि अभिप्रायाशेजारी तो एवढाच दिसणार आहे. डोळे कुठे आहेत आणि चेहरा हसरा आहे, हे त्या आकारातही कळलं पाहिजे. काळ्या पानावर गडद केस काठात विरघळत असतील तर चौकोन थोडा सैल करा, म्हणजे केसांभोवती कपाटाचा उजळ भाग दिसेल.

इथे फोटो नापास झाला आणि कापून सुधारला नाही, तर दुसऱ्या क्रमांकाचा फोटो घ्या आणि त्याचीही हीच तपासणी करा. क्रम पूर्ण लावून ठेवण्याचा उपयोग इथे होतो. आणि ज्यांनी मतं दिली त्यांना बाकीचे फोटो पुसून टाकायला सांगा. न निवडलेले फोटो अनोळखी फोनमध्ये पडून राहायचं कारण नाही.